उजव्या कानाचा मोल्ड

अण्णांना एकच कान होता. म्हणजे दिसायला दोन होते आणि दोन्ही चांगले ऐसपैस होते, पण डावा लहानपणी गालगुंडं झाली तेव्हाच कायमचा बंद पडला. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. "लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात," ते सुनेला सांगत. "माझा मागचा दरवाजाच बंद. त्यामुळे तुझ्या सासूने चाळीस वर्षांत जे जे सुनावलं, ते सगळं आत साठून आहे." यावर सासूबाई म्हणत, "साठलंय तर जरा वापरा की."

त्या एका कानाचा फायदाही होता. रात्री उजवी कूस धरून चांगला कान उशीत दाबला की जग बंद. गाडी गेली, कुत्रं भुंकलं, शेजारी भांडले, अण्णांना पत्ता नाही. उभ्या आयुष्यात त्यांना झोपेची गोळी लागली नाही.

पण गेल्या दोन वर्षांत डोळे गेले. पूर्ण नव्हे, कडेचं दिसायचं, पण मधोमध धुकं. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाला अक्षर दिसेनासं झालं म्हणजे काय झालं, हे सुनेला कळत होतं. नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने बाहेर, त्यामुळे घरात कळून घ्यायला तीच होती. तिने त्यांच्या फोनवर कादंबऱ्या वाचून दाखवणाऱ्या माणसांचे आवाज घालून दिले. अण्णा पुन्हा वाचायला लागले, तेही कानाने. दिवसभर वाचायचे आणि रात्री अंथरुणात तर वाचायचेच, कारण आयुष्यभर ते पुस्तक छातीवर ठेवूनच झोपलेले.

इथे सासूबाई आडव्या आल्या. त्यांची झोप अशी, की घड्याळाने कूस बदलली तरी जाग यायची. "तो बुवा माझ्या उशाशी बोलत असेल तर मी बैठकीत झोपते," त्यांनी जाहीर केलं. मग अण्णांनी साधे इअरफोन लावले. उजव्या कुशीवर वळलं की बोंडी कानात रुतायची आणि वायर गळ्याभोवती फिरायची. ते सोडून सुनेने डोक्याला बांधायचा पट्टा आणला, कापडी, आत दोन चपट्या चकत्यांचे स्पीकर. जाहिरातीत एक बाई तो लावून हसत झोपलेली होती. अण्णांच्या डोक्याचा सगळा भार त्या चकतीवर आणि चकतीचा कानाच्या पाळीवर. सकाळी पाळी लालबुंद आणि पट्टा सरकून डोळ्यांवर. "आता तेवढंच राहिलं होतं," ते म्हणाले, "उरलेलं दिसतंय तेही झाका."

आणि मग सुनेला स्वतःची कला आठवली.

ती कानाच्या मशीनच्या दुकानात मोल्ड बनवायची. मशीन कानामागे बसतं, पण त्याचा आवाज कानात नेणारा जो तुकडा असतो तो प्रत्येकाच्या कानाच्या मापाचा लागतो, कारण कुणाचा कान कुणासारखा नसतो. कानात आधी दोऱ्याला बांधलेला बोळा ठेवायचा, मग पिचकारीने गुलाबी लगदा भरायचा, पाच मिनिटं थांबायचं, अलगद उपटायचं. त्या मापावरून मोल्ड. दुकानात तिच्या हाताला मान होता. मोल्ड सैल राहिला तर आवाज कडेने गळतो, मशीन शिट्टी मारतं आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत येतं. तिचे मोल्ड शिट्टी मारत नसत. बारा वर्षं ती एकच गोष्ट शिकली होती, घट्ट बसवायचं.

तिने अण्णांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसवून उजव्या कानाचं माप घेतलं आणि मऊ सिलिकॉनचा मोल्ड ओतला, आत मुगाच्या दाण्याएवढा स्पीकर. कानाच्या बाहेर काही येऊ दिलं नाही, उशीला लागायला नको म्हणून. मशीनच्या मोल्डला कान मोकळा राहावा म्हणून बहुधा हवेचं बारीक भोक ठेवतात, तेही तिने ठेवलं नाही, कारण आवाज बाहेर गळला तर सासूबाई जाग्या व्हायच्या. अण्णांनी घालून पाहिला आणि बोटाने चाचपला. "छे," ते म्हणाले, "कानातच उगवल्यासारखा बसलाय." ती आठवडाभर हवेत होती.

पुढच्या महिन्यात अण्णांचं बोलणं कमी झालं, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण वय झालं की माणूस शांत होतो असं म्हणून तिने कानाडोळा केला. ते भाकरी डाव्या दाढेने चावायला लागले, मग चावायचंच टाळून चहात बुडवून खायला लागले, तेव्हाही तिला दातच आठवला. रविवारी सकाळी उशांचे अभ्रे धुवायला काढताना मात्र तिचा हात थांबला. अण्णांच्या उशीचा अभ्रा उलटा चढवलेला होता. आतल्या अंगाला पिवळट डाग होते, एकाशेजारी एक, जुने आणि ताजे.

तिने मोल्डची डबी उघडली. वास ओळखीचा होता. महिनोन्‌महिने मशीन न काढणारे गिऱ्हाईक आले की तिच्या टेबलावर हाच वास यायचा.

अण्णा खिडकीशी पाठमोरे बसले होते. ती त्यांच्या उजव्या बाजूला, दोन हातांवर उभी राहिली.

"अण्णा, कान दुखतोय का?"

ते हलले नाहीत. तिने आवाज चढवला. मग हातातली डबी टेबलावर आपटली. काही नाही. शेवटी तिने खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकून वळले आणि तोंडभर हसले.

"हो हो," ते म्हणाले, "चहा चालेल."

तिने स्वतःचा फोन काढला.

फोनच्या पडद्यावर मोठ्या जाड अक्षरांत लिहून विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "जरा दडा बसलाय गं. सर्दीचा असेल. मोठं काही नाही." त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. तिने कानाच्या पुढच्या उंचवट्याला नुसतं बोट टेकवलं आणि त्या ताठ माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती दिवस?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं आणि ऐकू जात नाही हे लक्षात येऊन स्वतःच उत्तर दिलं. "पंधरा दिवस तेल गरम करून मागतायत. मला म्हणाले गुडघ्याला हवंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातोय माणूस, आणि मी मेली तेल गरम करून देतेय!"

सुनेने अण्णांचा फोन हातात घेतला. वाचून दाखवणाऱ्याच्या आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवलेली होती. कानाचा रस्ता सुजत गेला तसं कमी ऐकू यायला लागलं आणि ते रोज थोडा आवाज वाढवत गेले. आणि झोपल्यावर तो काही बंद होत नव्हता, एक कादंबरी संपली की दुसरी, पहाटेपर्यंत, पूर्ण आवाजात, भोक नसलेल्या मोल्डमधून, त्यांच्या एकुलत्या एक कानात. सूज उतरते. पण मोठ्या आवाजाने आतली नस गेली तर ती परत येत नाही. हे ती दुकानात रोज ऐकायची.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ती अण्णांना घेऊन पायरीवर हजर होती. कानाची तपासणी करणाऱ्या ताई तिच्या मैत्रीण होत्या. त्यांनी पाळी जराशी ओढून दिव्याने आत पाहिलं आणि अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आत रस्ताच दिसत नाही," ताई म्हणाल्या. "सगळं सुजून मिटलंय. हा कान रोज किती तास बंद असायचा?"

"झोपेचे आठ. दुपारचे दोन." तिने मान खाली घातली. "मोल्ड मी केला. हवेचं भोक नव्हतं."

ताई म्हणाल्या, "माप बसवून घेतलंस ना? माणूस कुशीवर झोपला की उशी कान दाबते, जबडा सरकतो, आतला आकार बदलतो. बसून घट्ट बसणारी वस्तू झोपल्यावर रुततेच. वर आत घाम आणि ओल. मळालाही बाहेर यायला वाट नाही." सुनेला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनही केलं होतं, हेच तिला खात होतं.

कानावर काही ठेवणं शक्य नव्हतं, पण ताईंनी एक मार्ग सांगितला. कपाळावर छोटं कंपन देणारं यंत्र लावायचं. आवाज हाडातून थेट आत जातो, सुजलेला रस्ता वगळून. डावा कान कायमचा बंद, म्हणजे जे ऐकू येईल ते उजव्या नसेनेच. "नस शाबूत आहे की नाही, लगेच कळेल," ताई म्हणाल्या. "आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच."

अण्णा काचेच्या खोलीत बसले. कपाळावर पट्टा, मांडीवर हात, चेहरा परीक्षेला बसलेल्या हुशार मुलासारखा. ताईंनी बटण दाबलं, बोट वर. पुन्हा दाबलं, बोट वर. सून काचेला चिकटून उभी होती आणि तिला वाटलं, आता आपण रडणार. तेवढ्यात ताईंनी दोन्ही हात बटणांवरून उचलून तिला दाखवले.

बोट वर झालं.

"मी काही वाजवलेलं नाही," ताई हळू म्हणाल्या.

दोघी पाहत राहिल्या. अण्णा चार श्वास घ्यायचे आणि बोट वर करायचे. चार श्वास, बोट. मधे कुणी काही वाजवो न वाजवो. आणि दर वेळी ते काचेतून धुक्यातल्या सुनेच्या दिशेने किंचित हसायचे, काळजी करू नकोस म्हणून.

"सासरे तुझे फसवतायत," ताईंनी मशीन बंद केलं. "नस आहे की गेली, आज काहीच सांगता येणार नाही. ते खरं सांगतील तेव्हाच. आधी डॉक्टरकडे जा, आत्ताच्या आत्ता."

कानाच्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ आणि हाताने हलक्या होत्या. त्यांनी नळीने आतली घाण ओढून काढली, औषधात भिजवलेली बारीक वात सुजलेल्या रस्त्यात सरकवली, म्हणजे थेंब आतपर्यंत पोचतील. रक्तातली साखर तपासायला लावली, कारण साखर जास्त असली तर असा कान हाताबाहेर जातो. साखर आटोक्यात निघाली, तेवढाच एक श्वास सुनेला मोकळा मिळाला. मग त्यांनी बजावलं. तेल नाही, काडी नाही, आंघोळीला कानात पाणी नाही, आणि कानात किंवा कानावर घालायची कुठलीही वस्तू नाही. झोपायचं डाव्या कुशीवर.

शेवटी त्यांनी चिमट्यासारखा, दोन टोकांचा पोलादी काटा उचलला, वाजवला की गुणगुणणारा. तो कपाळाला लागायच्या आधीच अण्णा म्हणाले, "येतंय, येतंय. छान येतंय."

"आजोबा, अजून वाजवलाच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि काटा खणात टाकून दिला. "सूज दहा दिवसांत उतरेल. ऐकू येणं बहुतेक परत येईल. बहुतेक, म्हणजे नक्की नाही. दहाव्या दिवशी पुन्हा तपासणी करा, आणि त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका."

घरी येईपर्यंत सुनेने राग गिळला. दारातून आत आल्यावर मात्र तिने घरातल्या एका जुन्या पांढऱ्या फळ्यावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं आणि अण्णांच्या डोळ्यांच्या कडेला धरलं. 'तुम्ही मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलता. तुमच्या हो ला आता किमंत नाही.'

अण्णांनी मान तिरकी करून, कडेच्या नजरेने, सावकाश वाचलं. चेहरा उतरला. मग त्यांनी पेन मागितलं. तिला वाटलं, आता उत्तर देतील, रागावतील. त्यांनी 'किमंत' मधला अनुस्वार खुणेने उचलून 'कि'वर नेऊन ठेवला, वेलांटी तपासली आणि फळा परत दिला. मजकुराला हरकत घेतली नाही.

त्या दिवसापासून अण्णांनी 'हो' म्हणणं सोडलं. 'येतंय' नाही, 'नाही येत' नाही. विचारलं तर खांदे उडवायचे. सुनेला वाटलं, याच्यापेक्षा तर खोटं बोलत होते ते बरं होतं. तिसऱ्या दिवशी वात बदलली. पाचव्या दिवशी काढून टाकली, दुखणं उतरलं, अण्णा दोन्ही दाढांनी जेवले. पण ऐकण्याचं काय, कोण सांगणार? ती मागून टाळी वाजवायची, तर ते नेमके सावली हललेली पाहून वळायचे. सासूबाईंनी तर पाठीमागे जाऊन "घराला आग लागली" असंही म्हणून पाहिलं. अण्णा सुपारी कातरत राहिले.

"करायला गेले एक," सून एकदा सासूबाईंजवळ म्हणाली. पुढचं तिला बोलवेना.

"तू करायला गेलीस गणपती," सासूबाईंनी वाक्य पुरं केलं, "आणि त्यांनी मारुती होऊ दिला. दुखल्या दिवशी सांगितलं असतं तर जीभ झडली असती का?"

सहाव्या दिवशी ताईंनी दिलेली वस्तू घेऊन सून घरी आली. बिस्किटासारखा पातळ स्पीकर, उशीच्या खाली ठेवायचा. कानाला कशाचा स्पर्श नाही, दाब नाही. पण उशीला टेकणार होता अण्णांचा बंद कान, मग तो स्पीकर त्यांच्या काय कामाचा? म्हणून सध्या तो उशीखाली न ठेवता पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला, वर केलेल्या उजव्या कानाच्या बाजूला. फोनही तिथेच, उशीखाली नाही, तापतो म्हणून. आवाज इतकाच, की कुणी खोलीत साधं बोललं तर त्याच्यावरून ऐकू यावं. आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद.

"मला झोप लागणार नाही," सासूबाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी त्या तणतणत ऐकत पडल्या. दुसऱ्या दिवशी आवाज बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग त्या वकिलाच्या बायकोने पत्र फाडलं की नाही?" तिसऱ्या दिवशी त्या दुपारीही लवकर आडव्या झाल्या. अण्णा मात्र डाव्या कुशीवर, भिंतीसारखे. त्यांच्या उघड्या कानात ती गोष्ट जात होती की नुसतीच वरून वाहून जात होती, ते एक त्यांनाच ठाऊक. सून दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघायची. प्रुफं गेली, अक्षरं गेली, आता हेही गेलं असेल तर या माणसाने दिवस कसा काढायचा? आणि ते माझ्या हातून गेलं असेल तर मी कसा काढायचा?

नवव्या दिवशी दुपारी वीस मिनिटं संपून स्पीकर बंद झाला होता. सासूबाईंचा डोळा लागला होता. सून स्वयंपाकघरात भांडी विसळत होती, मधे भिंत, दार अर्धं लोटलेलं. ताईंचा फोन आला. तिने नळ बंद केला, फोन खांद्याशी धरला आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून अगदी खालच्या आवाजात बोलायला लागली.

"हो, उद्या आणते सकाळी. साडेदहाला. नाही हो ताई, काहीच सांगत नाहीत. मला तर वाटतं, गेलंच असेल आणि मला कळू नये म्हणून गप्प आहेत. उद्या पुन्हा काचेत बसून बोटं वर करत बसतील. काय करू सांगा? एवढा हट्टी म्हातारा मी जन्मात पाहिला नाही."

"म्हातारा कुणाला म्हणतेस गं?" आतल्या खोलीतून आवाज आला.